आठवड्याचे इंजेक्शन, मळमळ आणि हळूहळू चढणारा डोस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप २ मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड आणि ड्युलाग्लुटाइड या इंजेक्शनांबद्दल हे प्रश्न आहेत. मोजमापाची उदाहरणे बहुतेक सेमाग्लुटाइडची घेतली आहेत. बाकी दोघांचे आकडे वेगळे असले तरी त्यामागचे कारण तेच आहे. आपला डोस मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बदलावा.

हे औषध शरीरात करते काय?

जेवण आतड्यात उतरले की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात काही संप्रेरके सोडतात. त्यांना इन्क्रेटिन म्हणतात. जीएलपी-१ आणि जीआयपी ही त्यातली दोन मुख्य. रक्तातली साखर वाढलेली असेल तर ती स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतात. जीएलपी-१ याशिवाय यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि ‘पुरे झाले’ हा निरोप मेंदूपर्यंत पोचवते.

शरीरात तयार होणारे जीएलपी-१ साधारण दोन मिनिटांतच निम्मे मोडून जाते. औषधाच्या रेणूत असे बदल केलेले असतात की ते सहज मोडत नाही आणि लघवीवाटेही लवकर निघून जात नाही. सेमाग्लुटाइड निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, टिर्झेपाटाइड आणि ड्युलाग्लुटाइडला सुमारे पाच. म्हणून आठवड्याला एक टोचणी पुरते. पण याचा अर्थ असाही होतो की जेवणानंतर थोडा वेळ येऊन जाणारा तो निरोप आता चोवीस तास, सातही दिवस चालू राहतो. मळमळ आणि भूक यांबद्दलचे पुढचे जवळजवळ सगळे यातूनच निघते.

पहिल्या महिन्यात साखर फारशी उतरलीच नाही. मग हा डोस दिला कशाला?

सेमाग्लुटाइडचा ०.२५ मिलीग्रॅमचा डोस साखर आटोक्यात आणण्यासाठी नसतोच. टिर्झेपाटाइडच्या २.५ मिलीग्रॅमचेही तसेच. हे चार आठवडे मेंदू आणि पोट यांना नव्या परिस्थितीची सवय व्हावी म्हणून असतात. खरा उपचार सेमाग्लुटाइडमध्ये ०.५ पासून आणि टिर्झेपाटाइडमध्ये ५ पासून सुरू होतो. त्यामुळे चौथ्या आठवड्यात एचबीए१सी तपासून ‘औषध लागू पडत नाही’ असे ठरवणे चुकीचे आहे. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि त्यातला बराच काळ औषध सुरू होण्याआधीचा असतो.

दर वेळी निदान चार आठवडे थांबायचे, हे चारच का?

याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. दर आठवड्याला शरीरातले सेमाग्लुटाइड निम्मे होते आणि त्यावर नवा डोस पडतो. औषध त्वचेखालून हळूहळू शोषले जाते ही बाब सोयीसाठी बाजूला ठेवू.

पहिल्या टोचणीला शरीरात ०.२५ मिलीग्रॅम जाते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले ०.१२५ उरते, त्यावर ०.२५ पडून ०.३७५ होते. तिसऱ्या टोचणीला ०.४४, चौथीला ०.४७. पुढे कितीही आठवडे तेच घेत राहिलात तरी आकडा ०.५० च्या वर जात नाही, कारण आता आठवडाभरात जितके जाते तितकेच येते. म्हणजे पेनवर ०.२५ लिहिलेले असते तेव्हा शरीरातला साठा पहिल्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ दुप्पट झालेला असतो.

आता डोस ०.५ केला. पाचव्या आठवड्यात साठा ०.७३ होतो, सहाव्यात ०.८७, सातव्यात ०.९३, आठव्यात ०.९७. पुन्हा दुप्पट, पण टप्प्याटप्प्याने. चार आठवड्यांनी साठा स्थिरावतो आणि तेव्हाच कळते की हा डोस या माणसाला खरोखर कसा मानवतो. त्याआधी डोस वाढवला तर अजून चढत असलेल्या साठ्यावरच नवी चढण रचली जाते.

हेच थेट १ मिलीग्रॅमने सुरू केले तर? पहिल्याच दिवशी १, चौथ्या टोचणीला १.८७. पायरीपायरीने जाणाऱ्या माणसाच्या शरीरात आठव्या आठवड्यातही जेवढे नसते, तेवढे इथे पहिल्या दिवशीच असते. आणि उलट्या सुरू झाल्या तर औषध काढून घेता येत नाही. निम्मे व्हायला आठवडा जातोच. गोळीचा त्रास दुसऱ्या दिवशी ओसरतो, इथे तशी सोय नाही. डोस चढवताना दाखवायच्या सावधगिरीचे सगळ्यात मोठे कारण हेच.

मळमळ नेमकी कशामुळे होते? पोट बिघडते का?

पोटाला इजा झालेली नसते. मळमळीचे दोन उगम आहेत. पहिला मेंदूत. मेंदूच्या तळाशी उलटीशी संबंधित एक भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा आडपडदा विरळ असतो, म्हणजे रक्तात विषारी काही आले तर लगेच कळावे. त्या भागात जीएलपी-१ ओळखणारे ग्राही आहेत. औषधाचे प्रमाण अचानक वाढले की हा भाग ते धोक्यासारखे वाचतो.

दुसरा उगम जठरात. ते सावकाश रिकामे होते, त्यामुळे आधीचे जेवण अजून तिथेच असताना पुढचे येऊन पडते. जडपणा, ढेकरा, छातीत जळजळ हे त्यातूनच.

दोन्ही बाबतीत शरीर सरावते. जठराचा मंदपणा पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बराच ओसरतो. मेंदूतला तो भागही हळूहळू दाद देईनासा होतो. भूक कमी होण्याचा आणि साखर उतरण्याचा परिणाम मात्र टिकून राहतो. ही मोठीच सोय आहे, कारण दोन्ही एकाच वेगाने ओसरले असते तर औषधाला काही अर्थच उरला नसता. सावकाश डोस वाढवणे म्हणजे या सरावाला वेळ देणे.

किती जणांना होते?

सेमाग्लुटाइडच्या मधुमेहावरच्या चाचण्यांत ०.५ मिलीग्रॅमवर साधारण १६ टक्के आणि १ मिलीग्रॅमवर साधारण २० टक्के लोकांना मळमळ झाली. नुसत्या पाण्यासारखे निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांतही ६ टक्के होते. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही, आणि ज्यांना होते त्यांनाही मुख्यतः डोस चढत असतानाच्या काळात होते.

आठवड्यातल्या कोणत्या दिवशी जास्त त्रास होतो?

टोचल्यानंतर रक्तातले प्रमाण शिखराला पोचायला सेमाग्लुटाइडमध्ये एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे टोचणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ वाटणे आणि सहाव्या-सातव्या दिवशी भूक थोडी जागी होणे हे नेहमीचे चित्र आहे. ज्या दोन दिवसांत घरी राहता येईल, त्याच्या आदल्या संध्याकाळी टोचणी ठेवली की बऱ्याच जणांचे काम भागते. वार बदलायचा असेल तर दोन टोचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडसाठी किमान ४८ तास आणि टिर्झेपाटाइड किंवा ड्युलाग्लुटाइडसाठी किमान ७२ तास हवेत. जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री, याने काही फरक पडत नाही.

जेवणात काय बदलायचे?

सगळ्यात आधी प्रमाण. मळमळीचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे जुन्या भुकेच्या हिशोबाने वाढून घेतलेले ताट. नेहमीच्या निम्मे वाढून घ्या, सावकाश खा, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबा. ‘ताटात टाकायचे नाही’ हा संस्कार या काळात महागात पडतो. पहिल्या जाणिवेनंतरचे चार घास दोन तासांनी उलटून येऊ शकतात.

तेलकट आणि तळलेले पदार्थ जठरात मुळातच जास्त वेळ थांबतात. त्यात औषधाचा मंदपणा मिसळला की तेच जेवण झोपेपर्यंत वर येत राहते. रात्रीचे जेवण हलके ठेवा आणि आडवे होण्याआधी दोन-तीन तास जाऊ द्या. पाणी जेवताना भरपूर न पिता दिवसभर घोट घोट प्या. भूक मेली की तहानही कमी लागते, आणि बद्धकोष्ठाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

भूक नाही म्हणून जेवणच टाळणे हा उलट दिशेचा घोळ. रिकाम्या पोटीही मळमळ वाढते. शिवाय वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून जे थोडे खाल त्यात प्रथिने आधी, बाकीचे नंतर.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते? एखादे उदाहरण द्याल का?

समजा एक चोपन्न वर्षांच्या बाई आहेत. एचबीए१सी ८.६. मेटफॉर्मिन १००० मिलीग्रॅम दोनदा आणि सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलीग्रॅम. सेमाग्लुटाइड सुरू करताना डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलीग्रॅमवर आणले.

पहिले चार आठवडे पोट लवकर भरण्यापलीकडे काही जाणवले नाही. पाचव्या आठवड्यात डोस ०.५ झाला, तोही निभावला. सहाव्या टोचणीच्या दुसऱ्या दिवशी मात्र रात्रीच्या जेवणानंतर उलटी झाली. ‘मागच्या आठवड्यात हाच डोस चालला, मग आता काय झाले?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. वरची बेरीज पाहा. चौथ्या आठवड्यातल्या ०.४७ वरून साठा आता ०.८७ वर आला आहे. डोस तोच असला तरी शरीरातले औषध अजून चढतेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळमळीमुळे नाश्ता झाला नाही, पण ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली गेली. अकराच्या सुमारास घाम आणि थरथर. मोजली तर साखर ६४. हा दोष इंजेक्शनचा एकट्याचा नव्हे. इंजेक्शन साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन सोडवते, त्यामुळे त्याने एकट्याने साखर फार खाली जाणे दुर्मीळ. ग्लिमेपिराइड मात्र तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून साखर वर आली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केले, सेमाग्लुटाइड आहे तिथेच ठेवले.

नवव्या आठवड्यात डोस १ करायची वेळ आली, पण अजून आठवड्यातून दोन दिवस मळमळ होती. म्हणून ०.५ आणखी चार आठवडे चालू राहिले. रात्रीचे जेवण निम्मे आणि लवकर झाल्यावर दहाव्या आठवड्यात त्रास थांबला. चौदाव्या आठवड्यात एचबीए१सी ७.१ आला. त्या आकड्यात सुरुवातीचे सौम्य आठवडेही मिसळलेले असतात, म्हणजे तो अजून उतरणार. मग डोस न वाढवता तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. डोस कमी राहिला याला कोणी अपयश म्हणणार नाही.

म्हणजे सगळ्यात वरच्या डोसपर्यंत जायलाच हवे असे नाही?

नाही. पायऱ्या ठरलेल्या आहेत, सेमाग्लुटाइडमध्ये मधुमेहासाठी २ मिलीग्रॅमपर्यंत, टिर्झेपाटाइडमध्ये २.५ च्या टप्प्यांनी १५ पर्यंत. पण वर चढायचे ते साखरेचे उद्दिष्ट गाठले गेले नसेल तर, आणि सध्याचा डोस मानवत असेल तर. दोन्ही अटी एकत्र हव्यात. चार आठवडे ही किमान मुदत आहे, सक्तीची तारीख नाही.

एका औषधाचे मिलीग्रॅम दुसऱ्याशी ताडून पाहू नका. टिर्झेपाटाइडचे २.५ हे सेमाग्लुटाइडच्या ०.२५ च्या दहापट जोराचे नाही. दोन्ही आपापल्या शिडीची पहिली पायरी आहेत.

मला मळमळ अजिबात होत नाही. औषध काम करत नसेल का?

मळमळ आणि गुण यांचा असा संबंध नाही. काहीही त्रास न होता साखर आणि वजन दोन्ही उतरणारे लोक भरपूर आहेत. गुण मोजायचा तो ग्लुकोमीटरवर आणि एचबीए१सीत.

मळमळीवर गोळी घेता येते का?

थोडे दिवस, डॉक्टरांनी दिली तर. पण ऑन्डान्सेट्रॉनसारख्या गोळीने बद्धकोष्ठ होते, आणि ते इथे आधीच हजर असते. दर आठवड्याला गोळी लागत असेल तर डोस एक पायरी खाली आणणे जास्त शहाणपणाचे. मेटफॉर्मिनकडेही पाहून घ्या. त्यानेही पोट बिघडते, आणि साध्या गोळीऐवजी सावकाश विरघळणारी घेतल्याने कित्येकदा निम्मा त्रास जातो.

कोणती लक्षणे ‘होईल सवय’ म्हणून सोडून द्यायची नाहीत?

वरच्या पोटात तीव्र, न थांबणारी आणि पाठीत जाणारी कळ. ती स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. पुढचे इंजेक्शन न घेता लगेच दवाखाना गाठा. उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे ही पित्ताशयाकडे बोट दाखवतात. पोट फुगून वायूही सरत नसेल तर आतड्याचा अडथळा तपासावा लागतो. दृष्टी अचानक बदलली तरी थांबू नये. डोळ्यांत मधुमेहाचे जुने दोष असतील तर साखर झपाट्याने उतरल्यावर ते काही काळ वाढू शकतात, म्हणून पडद्याची तपासणी औषध सुरू होण्याआधीच झालेली बरी.

दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल आणि लघवी कमी व गडद होत असेल, तर प्रश्न मूत्रपिंडाचा होतो. अशा दिवशी मेटफॉर्मिन, लघवीच्या गोळ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या ते डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा. उलट्या चालू असताना आठवणार नाही.

आणि प्रत्येक मळमळ या इंजेक्शनचीच असते असेही नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर घालवणारी गोळी चालू असेल आणि खाणे फार कमी झाले असेल, किंवा इंजेक्शन सुरू झाले म्हणून इन्सुलिन एकदम तोडले असेल, तर शरीरात कीटोन साठतात. त्याची सुरुवातही मळमळ, उलटी आणि पोटदुखीनेच होते. अशा वेळी कीटोन तपासावे लागतात, साखर फार वाढलेली नसली तरीही. म्हणून इन्सुलिन कमी करायचे ते पायरीपायरीने.

हे कोणी घेऊ नये?

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर नाही. गरोदरपणात नाही, आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टाइप १ मधुमेहासाठी नाही. टिर्झेपाटाइडसोबत गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर दर वेळी चार आठवडे दुसरी पद्धतही वापरा, कारण मंदावलेल्या जठरामुळे गोळी नीट शोषली जात नाही. भूल द्यायची शस्त्रक्रिया ठरली तर या इंजेक्शनबद्दल आधीच सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते.

भूक परत आली. औषधाचा जोर संपला का?

टोचणीच्या आदल्या दिवशी थोडी भूक लागणे हे आठवड्याच्या चढउताराचे लक्षण आहे. सलग काही आठवडे सातही दिवस जुनी भूक असेल तर आधी पेन आणि टोचण्याची पद्धत तपासा. नव्या सेमाग्लुटाइड पेनला सुईच्या टोकावर थेंब येतो का पाहिले होते का? आकडा शून्यावर आल्यावर सुई आणखी सहा आकडे मोजेपर्यंत आत ठेवली होती का? सुई काढताच त्वचेवर ओघळ दिसत असेल तर डोसचा काही भाग बाहेरच राहिला. गोठलेले पेन पुन्हा वितळवून चालत नाही, टाकून द्यावे लागते.

बाटलीतून इन्सुलिनच्या सिरिंजने औषध काढणाऱ्यांसाठी एक कडक इशारा: सिरिंजवरचे ‘युनिट’ म्हणजे मिलीग्रॅम नव्हेत. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलीग्रॅम असेल तर ०.२५ मिलीग्रॅम म्हणजे १०० युनिटच्या सिरिंजवर ५ युनिट. तिथे ५० युनिट ओढले तर एकाच वेळी २.५ मिलीग्रॅम जाते, दहापट. अशा वेळी उलट्या दिवसचे दिवस चालू शकतात. लक्षणे सुरू व्हायची वाट न पाहता रुग्णालयात जा.

एक टोचणी राहून गेली तर?

सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवले तर घ्या. टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत. ड्युलाग्लुटाइडच्या बाबतीत पुढच्या टोचणीला किमान तीन दिवस उरले असतील तर घ्या. मुदत टळली असेल तर ती सोडून ठरलेल्या वारी पुढची. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाहीत.

आणि तीन आठवडे खंड पडला तर? आधीच्याच डोसवर परत जायचे?

इथे पुन्हा बेरीज कामाला येते. सेमाग्लुटाइड १ मिलीग्रॅमवर स्थिर झालेल्या माणसात टोचणीनंतर साठा साधारण २ असतो. एका आठवड्याने १, दोन आठवड्यांनी ०.५, तीन आठवड्यांनी ०.२५. लागोपाठ तीन टोचण्या चुकून चौथीचा वार उजाडला की उरते ०.१२५, म्हणजे अगदी पहिल्या टोचणीनंतर होते त्याच्याही निम्मे. एव्हाना मेंदूचा सरावही ओसरायला लागलेला असतो. अशा शरीरात १ मिलीग्रॅम टोचले की साठा एका दमात नऊपट होतो. फ्रिजमध्ये १ मिलीग्रॅमचे पेन पडून आहे एवढ्यावरून ते टोचू नका. डॉक्टरांना किती टोचण्या चुकल्या ते नेमके सांगा. खंड लांबला असेल तर बहुधा ०.२५ पासूनच पुन्हा सुरुवात करायला सांगतील.